पुण्याची १४ लाखांची ऑफर आणि प्रतापनगरच्या घराचा हिशेब

प्रश्न : मी नागपूरला मिहानमधल्या एका आयटी कंपनीत चार वर्षे दोन महिन्यांपासून आहे. सीटीसी ९ लाख, व्हेरिएबल नाही. हिंजवडीच्या एका कंपनीकडून १४ लाखांची ऑफर आली आहे, ऑक्टोबरमध्ये रुजू व्हावे लागेल. प्रतापनगरला बाबांनी बांधलेले घर आहे. आईबाबा आमच्यासोबत राहतात आणि ते नागपूर सोडणार नाहीत. पत्नीला खासगी शाळेत २२ हजार मिळतात, मुलगी दुसरीत आहे. सगळ्यांचा मिळून खर्च ५५ हजारांत भागतो. वाकडला दोन बेडरूमच्या घराचे मेंटेनन्ससह २८ हजार भाडे सांगत आहेत. सगळे म्हणतात, ५५ टक्के वाढ कोण सोडतो? खरेच परवडेल का? दोन्हीकडच्या पगाराची फोड सोबत देत आहे.

उत्तर : ऑक्टोबरमध्ये सहकुटुंब गेलात तर १४ लाखांत परवडणार नाही. पहिले काही महिने दरमहा साठवणीतले पैसे काढावे लागतील आणि पत्नीला पुण्यात नोकरी लागल्यानंतरही आज नागपुरात जेवढे शिल्लक पडते तेवढे पडणार नाही. एकटे गेलात तर मात्र हीच ऑफर फायद्याची ठरते. पगारपत्रके आणि ऑफर लेटरे तपासण्याचे काम मी नागपुरातच बरीच वर्षे करत आहे आणि ‘दीडपट पगार’ ऐकून घर हलवणाऱ्यांचे गणित बहुतेक वेळा एकाच ठिकाणी अडलेले पाहिले आहे : पगाराची तुलना एका माणसाची होते आणि खर्च मात्र अख्ख्या घराचा बदलतो.

आधी पगार पाहू. तुमच्या आजच्या ९ लाखांत कंपनीच्या वाट्याचा पीएफ महिना १,८०० रुपये आहे, म्हणजे तो १५ हजारांच्या वैधानिक मर्यादेवर कापला जातो. ग्रॅच्युइटीची तरतूद बेसिकच्या ४.८१ टक्के आहे. हे दोन्ही आणि तुमच्या वाट्याचा पीएफ व व्यवसायकर वजा जाता तुमच्या हातात महिन्याला सुमारे ६९,४०० रुपये येतात आणि नव्या करप्रणालीत तुम्हाला आयकर लागत नाही. पुण्याच्या ऑफरमध्ये १४ लाखांपैकी १ लाख ४० हजार व्हेरिएबल आहे, जे वर्षाअखेरीस मिळेल किंवा कमी मिळेल. तिथे बेसिक ७ लाख असून पीएफ पूर्ण बेसिकवर १२ टक्के धरला आहे, म्हणजे महिना ७ हजार तुमचे आणि ७ हजार कंपनीचे. ग्रॅच्युइटी वर्षाला सुमारे ३४ हजार. हे सारे बाजूला काढले की हातात येतात महिना सुमारे ८८ हजार. कागदावर ५ लाखांची, म्हणजे महिना जवळजवळ ४२ हजारांची वाढ दिसते. दरमहा खात्यात जमा होणारी वाढ १८,६०० रुपयांची, म्हणजे २७ टक्क्यांच्या आसपास आहे. पीएफमध्ये दोन्ही वाटे मिळून महिना १०,४०० रुपये जास्त जमा होतील आणि ते तुमचेच आहेत, हे विसरायचे नाही. पण घरभाडे त्यातून देता येत नाही, हेही तितकेच खरे.

आता खर्च. शहरांच्या महागाईचे जे निर्देशांक इंटरनेटवर मिळतात ते तुमच्या कामाचे नाहीत, कारण दोन्ही शहरांत तुम्ही भाड्याने राहता असे ते बहुधा गृहीत धरतात. तुमचा सहकारी नागपुरात १४ हजार भाडे देत असेल तर पुण्यात त्याला फरकाचे १४ हजारच लागतात. तुम्हाला पूर्ण २८ हजार लागतात. त्यामुळे त्याचा अनुभव तुम्हाला लागू पडत नाही. मी सांगतो ती पद्धत साधी आहे. पूर्ण अंदाजपत्रक मांडत बसू नका. ज्या ओळी बदलतात तेवढ्याच लिहा. पेट्रोल, कपडे, मोबाइल, विम्याचे हप्ते यांत नागपूर आणि पुण्यात लक्षात घेण्याजोगा फरक नाही. दोन्हीकडे वीज महावितरणची, व्यवसायकर तोच आणि गाडीचा नंबर एमएच ३१ असला तरी राज्य तेच असल्याने पुन्हा नोंदणी करावी लागत नाही. बंगळुरू किंवा हैदराबादची ऑफर असती तर ही शेवटची बाब, रोड टॅक्ससह, वेगळी मांडावी लागली असती.

बदलणाऱ्या ओळींत भाड्यानंतर लोक सर्वांत जास्त विसरतात ती ओळ दोन चुलींची. आईबाबा प्रतापनगरलाच राहणार, म्हणजे तिथला घरपट्टी, पाणी, वीज, इंटरनेट, मोलकरीण हा खर्च जवळजवळ तसाच राहणार आणि पुण्यात तेवढेच सगळे नव्याने सुरू होणार. पाच माणसांचा किराणा एका घरात जेवढ्यात भागतो तेवढ्यात तो दोन आणि तीन माणसांच्या दोन घरांत भागत नाही. यासाठी किराणा-भाजीपाल्याचे ५ हजार आणि दुसरे वीजबिल, गॅस व इंटरनेटचे अडीच हजार धरा. उन्हाळ्यात नागपूरचे बिल कूलर-एसीमुळे फुगते तसे पुण्यात फुगणार नाही, पण आईबाबांना कूलर लागणारच असल्याने ती बचतही तुमच्या वाट्याला येत नाही. शिवाय आज आई मुलीला शाळेच्या बसमधून उतरवून घेते, जेवू घालते आणि स्वयंपाकातला अर्धा भार उचलते. पुण्यात त्यातल्या कामांपैकी निदान स्वयंपाकाला बाई लावावी लागेल, त्याचे साडेतीन हजार. मुलीची शाळा आणि बस मिळून साडेचार हजारांचा फरक मी धरला आहे, तो तुम्ही प्रत्यक्ष शाळेत विचारून दुरुस्त करावा.

नागपूरला येणे-जाणे हा हौसेचा खर्च समजू नका. दिवाळी, उन्हाळ्याची सुटी आणि आईबाबांचे आजारपण मिळून वर्षाला ४० हजार सहज जातात, म्हणजे महिना ३,३०० रुपये. ऑगस्ट २०२५ पासून अजनी ते पुणे वंदे भारत सुरू झाली आहे, तरी प्रवासाला १२ तास लागतातच, आणि दिवाळीच्या आठवड्यात ट्रॅव्हल्सवाले काय भाडे मागतात ते नागपूरकराला सांगायला नको. मुलगी पूर्ण तिकिटाची होत जाईल तसा हा आकडा वाढेल.

या सगळ्या ओळींची बेरीज ४६,८०० रुपये होते. आजचा ५५ हजारांचा खर्च त्यात मिळवला की दोन्ही घरांचा मिळून १,०१,८०० रुपये. ऑक्टोबरमध्ये सगळे गेलात तर पत्नीची नोकरी सत्राच्या मध्येच सुटते आणि खासगी शाळा शिक्षकांची भरती मुख्यतः नव्या सत्रासाठी, म्हणजे मार्च ते जूनच्या दरम्यान करतात. तोवर ८८ हजारांच्या एकाच पगारावर दरमहा सुमारे १४ हजारांची तूट पडेल. पुढे पत्नीला पुण्यात २५ हजारांची नोकरी मिळाली असे धरले तर मुलीसाठी पाळणाघर लागेल, कारण दुपारी घरी कोणी नाही. त्याचे ७ हजार वाढतील आणि महिनाअखेर सुमारे ४,२०० रुपये शिल्लक राहतील. आज नागपुरात तुम्हा दोघांच्या पगारातून ३६,४०० रुपये शिल्लक पडतात. त्यात पीएफची वाढ आणि पूर्ण मिळालेले व्हेरिएबल मिळवले तरी आजच्यापेक्षा महिना १० ते ११ हजारांनी तुम्ही मागे राहाल.

मग किती पगार मागावा? सर्व आकडे जसेच्या तसे ठेवून, पीएफ आणि व्हेरिएबल पूर्ण धरून आणि पत्नीची पुण्यातली नोकरी गृहीत धरून, आजच्या इतकीच एकूण बचत राहण्यासाठी सव्वासोळा लाखांच्या आसपास सीटीसी लागते. स्थलांतराचा एकदाच होणारा खर्च यात नाही. वाकडसारख्या भागात दोन-तीन महिन्यांचे डिपॉझिट आणि एक महिन्याचे ब्रोकरेज मागितले जाते. भाडेकराराची नोंदणी महाराष्ट्रात सक्तीची असून मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का असल्याने ती रक्कम किरकोळ आहे. सामान हलवणे, शाळेचे प्रवेशशुल्क आणि नव्या घराला लागणाऱ्या वस्तू मात्र किरकोळ नाहीत. डिपॉझिट परत मिळते असे धरून बाजूला ठेवले तरी लाखभर रुपये परत न येणारे जातात. म्हणून सहकुटुंब जायचे असेल तर १७ लाखांच्या खाली होकार देऊ नये, असे माझे मत आहे.

वाटाघाटीला बसण्यापूर्वी एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण ती तुमच्या आकड्याला अगदी नेमकी लागू पडते. २०२५-२६ पासूनच्या नव्या करप्रणालीत ७५ हजारांची प्रमाणित वजावट गेल्यावर करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर आयकर शून्य होतो. ते १२ लाखांच्या थोडे वर गेले तर एकदम साठ हजारांचा कर बसू नये म्हणून सीमांत सवलत आहे. तिच्यामुळे कर १२ लाखांच्या वरच्या रकमेपेक्षा जास्त आकारला जात नाही, वर ४ टक्के उपकर तेवढा लागतो. ऐकायला ही सवलत वाटते, पण तिचा दुसरा अर्थ असा की १२ लाखांवरचे पहिले सुमारे ७० हजार रुपये जवळजवळ पूर्णपणे करात जातात. तुमचे १४ लाखांचे पॅकेज, व्हेरिएबल पूर्ण मिळाले तर, करपात्र १२ लाख ७ हजारांवर, म्हणजे नेमके या खड्ड्याच्या तोंडाशी येते. म्हणून एचआरने ‘चला, साडेचौदा करून देतो’ म्हटले आणि तुम्ही खूश होऊन होकार दिलात, तर त्या ५० हजारांतले पीएफ आणि ग्रॅच्युइटीचे थोडे वाटे सोडून तुमच्या हातात काहीही येणार नाही. सीटीसी १४ लाख ७० हजारांच्या आसपास पोचेपर्यंत हीच स्थिती राहते. त्यापुढे वाढीव करपात्र रकमेवर नेहमीप्रमाणे १५ टक्के कर आणि उपकर लागतो आणि वाढ पुन्हा दिसू लागते.

यावर दोन मार्ग आहेत. थोडीच वाढ मिळणार असेल तर ती पगारात न मागता कंपनीच्या वाट्याच्या एनपीएस योगदानाच्या रूपात मागा. नव्या प्रणालीतही बेसिकच्या १४ टक्क्यांपर्यंतचे कंपनीचे योगदान वजावटीला पात्र आहे, त्यामुळे तुम्ही १२ लाखांच्या आतच राहता; मात्र हे पैसे बरीच वर्षे अडकतात, म्हणून सध्याची तूट भरून काढायला त्यांचा उपयोग नाही. दुसरा मार्ग असा की खड्डा ओलांडणारा आकडाच मागायचा. ‘भाड्याची पावती दाखवा, एचआरएवर कर वाचेल’ हा सल्ला तुम्हाला मिळेलच, परंतु ती सवलत फक्त जुन्या प्रणालीत आहे. २८ हजार भाडे आणि दीड लाखांची ८० सी वजावट धरूनही तुमचा जुन्या प्रणालीतला कर ७८ हजारांच्या आसपास येतो. नव्या प्रणालीत तो साडेसात हजारांच्या आसपास आहे, तेव्हा त्या वाटेला जाऊ नये.

ग्रॅच्युइटीचा मुद्दा तुमच्या बाबतीत लहान नाही. कायम नोकरीत राजीनामा दिल्यास ती साधारणतः पाच वर्षांच्या सलग सेवेनंतर मिळते आणि तुम्हाला दहा महिने कमी पडत आहेत. साडेसदतीस हजारांच्या मासिक बेसिकवर, दर वर्षाला २६ पैकी १५ दिवसांच्या वेतनाने, पाच वर्षांची रक्कम १ लाख ८ हजार होते. आज निघालात तर ती सोडून निघता. शेवटच्या वर्षी २४० दिवस भरले तर ते पूर्ण वर्ष धरावे, असा दृष्टिकोन काही न्यायालयीन निकालांत आहे, पण तुम्हाला तोही लागू होत नाही आणि कंपन्या तो सहजासहजी मान्य करतातच असे नाही. ही रक्कम नव्या कंपनीकडून जॉइनिंग बोनस म्हणून मागणे पूर्णपणे रास्त आहे. वाढ मागताना लोक संकोचतात, पण ‘माझे एवढे नुकसान होत आहे, ते भरून द्या’ हे म्हणणे एचआरच्या फाइलमध्ये सहज बसते.

तो बोनस कधी मिळतो यालाही महत्त्व आहे. ऑक्टोबरमध्ये रुजू झालात तर या आर्थिक वर्षात तुमचे सहा महिने जुन्या पगाराचे आणि सहा नव्या पगाराचे असतील, त्यामुळे करपात्र उत्पन्न सुमारे सव्वानऊ लाख राहील. लाखभराचा बोनस मार्चपूर्वी मिळाला तर त्यावर कर पडत नाही. तोच एप्रिलनंतर मिळाला तर वर सांगितलेल्या खड्ड्यात जाऊन त्यातले सत्तर हजारांच्या आसपास करात जातील. म्हणून बोनस पहिल्या पगारासोबत देणार असे ऑफर लेटरमध्ये लिहून घ्या, आणि एका वर्षाच्या आत नोकरी सोडल्यास तो परत करण्याची अट असेल तर ती परतफेड पूर्ण रकमेची की उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात, हेही त्याच कागदावर स्पष्ट करून घ्या. आधीच्या कंपनीतले उत्पन्न नव्या कंपनीला आवर्जून कळवा. दोन्ही कंपन्यांनी प्रमाणित वजावट आणि शून्य कराचा लाभ वेगवेगळा धरला आणि एकूण करपात्र उत्पन्न १२ लाखांवर गेले, तर कर कापलाच जात नाही आणि विवरणपत्र भरताना एकदम भुर्दंड बसू शकतो.

व्हेरिएबलबद्दल एकच प्रश्न विचारा : तुमच्या पदाच्या लोकांना मागच्या दोन वर्षांत प्रत्यक्षात सरासरी किती टक्के मिळाले? ‘शंभर टक्क्यांपर्यंत’ असे उत्तर आले तर आकडा सांगायचा नाही असे समजा आणि तुमच्या गणितात निम्मेच धरा. अनेक कंपन्यांत वर्षाच्या उत्तरार्धात रुजू झालेल्यांना त्या वर्षीचे व्हेरिएबल मिळतच नाही, तेही विचारून ठेवा.

आता एकटे जाण्याचा पर्याय. हिंजवडी-वाकड भागात शेअरिंगमधली खोली ११ हजार, मेस किंवा डबा ५ हजार, तिथला किरकोळ खर्च अडीच हजार आणि महिन्यातून एकदा नागपूरला येण्याचे ४ हजार असे साडेबावीस हजार धरा. नागपुरातला तुमचा जेवणाचा आणि रोज मिहानला जाण्या-येण्याचा सुमारे ४ हजारांचा खर्च त्यातून वाचतो. उरलेला साडेअठरा हजारांचा नवा खर्च तुमच्या हातात येणाऱ्या वाढीइतकाच आहे. पत्नीचा पगार, मुलीची शाळा आणि एकच चूल तशीच राहते. पीएफमधली १०,४०० रुपयांची वाढ आणि मिळेल ते व्हेरिएबल ही निव्वळ भर पडते. म्हणजे सहकुटुंब गेल्यास तोट्याची असलेली ऑफर या मांडणीत नफ्याची होते. ही व्यवस्था फार लांबवावी असे मी म्हणणार नाही, कारण महिन्याच्या फेरीचे पंधरवड्याच्या फेरीत रूपांतर व्हायला वेळ लागत नाही आणि तसे झाले की शिलकीतले आणखी ४ हजार जातात. आईबाबांपैकी कोणाची प्रकृती नाजूक असेल तर पत्नीवर पडणारा भार कोणत्याही आकड्यात बसत नाही आणि तो निर्णय तिने घ्यायचा आहे.

नागपूरची बाजू घेऊन थांबा म्हणावे, तर त्यालाही मर्यादा आहे. तुमच्या कामाच्या जागा इथे मोजक्या आहेत आणि पुढची नोकरी पुण्यातूनच शोधली तर पगाराची बोलणी ९ ऐवजी १४ लाखांवरून सुरू होते. माझ्या मते हा या ऑफरचा खरा फायदा आहे, आणि तो तुम्ही एकटे गेलात तरी मिळतोच.

तेव्हा माझा सल्ला असा. १४ लाखांवरच ऑफर अडली तर बोनस मिळवून ऑक्टोबरमध्ये एकट्याने जा आणि वाकडचे २८ हजारांचे घर आत्ता घेऊ नका. अकरा महिन्यांच्या करारात बहुधा काही महिन्यांचा लॉक-इन असतो आणि कुटुंब जूनमध्ये येणार असताना ऑक्टोबरपासून दोन बेडरूमचे भाडे भरणे म्हणजे आठ महिन्यांचे सव्वादोन लाख रुपये निष्कारण घालवणे आहे. पत्नीने जानेवारीपासून पुण्यातल्या शाळांत अर्ज करावेत. तिच्या हातात लेखी नियुक्तिपत्र आले आणि मुलीचा प्रवेश नक्की झाला की मगच घर पाहायला निघा, आणि ते तिच्या शाळेजवळ पाहा. पाळणाघराच्या ७ हजारांतले निम्मे तिथेच वाचू शकतात. घर पाहताना उन्हाळ्यात टँकर लागतो का आणि त्याचा खर्च मेंटेनन्समध्ये धरला आहे की वेगळा, हे मालकाला न विचारता खालच्या सुरक्षारक्षकाला विचारा.